कापडाच्या ऑर्डरचे वजन

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ते रुंदीने आणि लांबीने गुणून 1000 ने भागले की ऑर्डरचे वजन किलोत मिळते. मात्र रुंदी आणि लांबी दोन्ही मीटरमध्ये हवीत. बाजारात कापडाचा पन्हा इंचात सांगतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. एक इंच म्हणजे 0.0254 मीटर. त्यामुळे 58 इंच पन्ह्याचे कापड 1.473 मीटर रुंद असते. जीएसएम 150 आणि लांबी 1000 मीटर असल्यास 150 × 1.473 × 1000 ÷ 1000, म्हणजे सुमारे 221 किलो.

पन्हा काठासह मोजावा, कारण काठही तराजूवर चढतो. होजिअरीचे नळीसारखे विणलेले कापड दुहेरी असते. सपाट ठेवून मोजलेली रुंदी दुप्पट न केल्यास उत्तर निम्मेच येते.

जीएसएम तपासण्यासाठी गोल कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात. तो 1.5 ग्रॅम भरला तर जीएसएम 150. त्यात पाच टक्के फरक पडला तरी वरील ऑर्डरमध्ये 11 किलोंचा फरक पडतो. म्हणून तुकडे थानाच्या वेगवेगळ्या भागांतून घेऊन सरासरी काढावी. गाठीचे वजन करताना पुठ्ठ्याची नळी आणि वेष्टन वेगळे धरावे.