चार लाख ऐंशी हजारांचा मेल

दसरा झाला की बीडकडची गावं ओस पडू लागतात. उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून कारखान्याकडे निघतात. घरी सांभाळायला कुणी नसेल, तर शाळेतली पोरंही फडावर जातात. समजा, अशा चाळीस मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायचं एका लहानशा संस्थेने ठरवलंय आणि कंपनीच्या सीएसआर विभागाला मेल लिहायचाय. एवढं सगळं दीडशे शब्दांत कसं मावतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

विषयाच्या ओळीतच निम्मं काम होतं: ‘ऊसतोड कामगारांच्या ४० मुलांचं हंगामी वसतिगृह : ₹४,८०,००० निधीसाठी अर्ज’. कोण, किती, कशासाठी, हे मेल उघडण्याआधीच कळतं.

आता तो आकडा उलगडून पाहा. एका मुलाच्या जेवणाला दिवसाला ६० रुपये, मुलं ४०, दिवस १८० : झाले ४,३२,०००. मुलांना सांभाळणाऱ्या दोन ताईंना महिन्याला नऊ-नऊ हजार, सहा महिन्यांचे १,०८,०००. गाद्या, भांडी, औषधं ६०,०००. एकूण सहा लाख. त्यातले १,२०,००० गाव ज्वारी आणि वर्गणीतून उभे करणार, उरलेले कंपनीकडे मागायचे. गावच्या वाट्याचं हे वाक्य मेलमधून गळलं, की घोटाळा होतो. वाचणारा अंदाजपत्रक उघडतो, तिथे त्याला सहा लाख दिसतात आणि त्याचा हात थांबतो. मेल, अंदाजपत्रक आणि विश्वस्तांचा ठराव, तिन्हीकडे मागणीची रक्कम एकच हवी.

सोबतचा एकेक कागद एकेका शंकेला उत्तर देतो. नोंदणी प्रमाणपत्र सांगतं, संस्था खरोखर आहे. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सांगतात, पैसा कुठे गेला. १२ए आणि ८०जी ही आयकर खात्याची नोंदणी. सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक तर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचाच आहे. तो नसेल तर कंपनीची इच्छा असूनही हा निधी संस्थेला देता येत नाही. पॅनवर ‘मंडळ’ आणि बँकेच्या खात्यावर ‘संस्था’ असं असेल, तर एवढ्या एका शब्दासाठी अर्ज अडतो.

आणखी एक अडचण अगदी साधी आहे. मोबाइलवर काढलेले स्कॅन जड होतात. जोडण्या २५ एमबीच्या वर गेल्या, की जीमेल त्यांच्या जागी ड्राइव्हची लिंक टाकतं. ती उघडायची परवानगी द्यायची राहिली, तर समोरच्याला एकही कागद दिसत नाही. म्हणून फाइल हलक्या करायच्या, त्यांना ‘scan001.pdf’ ऐवजी ओळखू येईल असं नाव द्यायचं आणि मेलच्या शेवटी त्यांची क्रमवार यादी लिहायची.

हा मेल जूनमध्येच जायला हवा. छाननी, गावभेट, करारनामा यांत तीन-चार महिने सहज जातात, आणि ट्रॅक्टर दसऱ्यानंतर थांबत नाहीत.