लवकर प्रवेशाची सवलत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीचा शेवटचा पेपर झाला, की क्लासच्या दारावर फलक लागतो: ‘३१ मार्चपर्यंत प्रवेश घ्या, फीमध्ये १५ टक्के सवलत मिळवा.’ २०२५ साली महाराष्ट्र मंडळाचा दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. म्हणजे मुलाला कुठली शाखा आणि कुठले कॉलेज मिळेल, हे कळायच्या सहा आठवडे आधीच पालकांनी पैसे भरायचे. म्हणून या सवलतीत टक्क्यांच्या आधी अटी वाचायला हव्यात.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे सवलत घेतली की फी परत मिळत नाही. ‘भरलेली फी परत मिळणार नाही’ असे पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते आणि पालक ते मुकाट्याने मान्य करतात. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सवलतीत प्रवेश घेतलेल्यांना त्यातून वगळलेले नाही. ही तत्त्वे अंमलबजावणीसाठी राज्यांकडे पाठवलेली आहेत, त्यामुळे वाद झालाच तर पावती आणि सवलतीच्या सूचनेचा नेमका मजकूर पालकांच्या हाती असणे फार महत्त्वाचे ठरते.

एक हिशेब करून पाहू. दहा महिन्यांच्या वर्गाची फी ८०,००० रुपये आहे. १५ टक्के सवलत, म्हणजे १२,००० वजा जाऊन ६८,००० उरले. क्लास नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, १२,२४० रुपये. एकूण भरायचे ८०,२४०. इथे एक गफलत हमखास होते: बिलात जीएसटी मूळ ८०,०००वर लावला जातो आणि पालक २,१६० रुपये जास्त देऊन बसतात. बिलातच सवलत दाखवलेली असेल, तर कर सवलतीनंतरच्या रकमेवरच लागतो.

आता मुलाने दोन महिन्यांनी क्लास सोडला. आठ महिने उरले, म्हणजे ६८,०००पैकी ५४,४०० आणि त्यावरचा कर परत मिळायला हवा. काही क्लासचालक म्हणतात, ‘तुम्ही सोडलंत, सवलत रद्द.’ मग दोन महिन्यांचे १६,००० मूळ दराने कापून ५२,००० हातावर ठेवतात. फरक २,४०० रुपयांचा. शिक्षण मंत्रालयाची तत्त्वे भरलेल्या फीबद्दल बोलतात, तेव्हा हिशेबही भरलेल्या रकमेवरच व्हायला हवा. पैसे घेताना न सांगितलेली अट परतीच्या वेळी पुढे करणे मला सरळ अन्यायाचे वाटते.

दुसरा गैरसमज क्लासचालकांचा आहे: मुदत वाढवली की पालक खूश होतात. आठवडाभर वाढवायची, मग ‘शेवटच्या १० जागा’ म्हणत आणखी आठवडा. दागिने गहाण ठेवून ३१ मार्चला पैसे भरणाऱ्या आईला १५ एप्रिललाही तीच सवलत चालू दिसते, तेव्हा तिची फसवणूकच झालेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली. जागा संपत आल्याचा किंवा मागणी वाढल्याचा खोटा आभास निर्माण करून घाई करायला लावणे त्यांत निषिद्ध आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तारखेबाबतही गोंधळ असतो. फॉर्म ३१ला भरला, चेक २ एप्रिलला वटला, तर सवलत मिळणार का? पहिला हप्ता मुदतीत आणि दुसरा जूनमध्ये भरला, तर? सूचनेत लिहिलेले नसेल तर उत्तर काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर राहते. त्यापेक्षा फलकावर असे लिहिता येते:

‘मूळ फी ८०,००० रुपये, सवलतीनंतर ६८,००० रुपये, जीएसटी वेगळा. सवलत ३१ मार्च रोजी रात्री १२ वाजेपर्यंत, ती तारीख धरून. ऑनलाइन पैसे भरल्याची किंवा चेक दिल्याची तारीख ग्राह्य धरली जाईल. हप्त्यांत भरणाऱ्यांनी पहिला हप्ता मुदतीत भरल्यास पूर्ण सवलत. मुदत वाढवली जाणार नाही. दहावीच्या निकालानंतर १० दिवसांत प्रवेश रद्द केल्यास, वर्ग सुरू झाले नसतील तर संपूर्ण रक्कम परत.’

शेवटची अट क्लासला महाग पडेल असे वाटते. पण निकालाआधी पैसे मागायचे, तर निकालाचा धोका एकट्या पालकांवर टाकता येणार नाही. अकरावीचे वर्ग निकालानंतरच सुरू करायचे असतील, तर तोवर क्लासने शिकवलेले काहीच नसते, त्यामुळे राखून ठेवायलाही काही नसते.