राउटरसाठी केवढा यूपीएस घ्यावा?

लाईट वीस मिनिटांसाठी जाते, पण तेवढ्यात घरून काम करणाऱ्याची मीटिंग तुटते. लाईट आल्यावरही राउटर आणि सेट-टॉप बॉक्स सुरू होऊन ताळ्यावर यायला काही मिनिटं खातात. यावर उपाय म्हणून अनेकजण थेट घरभराचा इन्व्हर्टर घेतात. त्याआधी अॅडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत.

समजा, राउटरच्या अॅडॅप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट, १.५ अँपिअर’ लिहिलंय. दोन्हींचा गुणाकार १८ वॅट. सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा, म्हणजे १२ वॅट. एकूण ३०. हा कमाल आकडा झाला. प्रत्यक्षात राउटर दहाएक वॅट आणि बॉक्स आठेक वॅट खातो. यूपीएसला ३० वॅट पेलता आले पाहिजेत, पण तो किती वेळ चालेल याचा हिशेब १८ वॅटवर करावा.

राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या डीसी यूपीएसच्या खोक्यावर ‘८८०० एमएएच’ असं ठळक छापलेलं असतं. इथेच फसगत होते. हा आकडा बहुतेक वेळा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टचा नव्हे. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. व्होल्टेज चढवताना होणारी घट वजा केली की हाती पंचवीसेक उरतात. त्यावर एकटा राउटर अडीच तास चालेल, दोन्ही उपकरणं सव्वा तासाच्या आसपास. हाच गुणाकार कुणी १२ व्होल्टने केला, तर तो राउटर दहा तास चालण्याची वाट बघत बसेल.

सेट-टॉप बॉक्सचा मात्र नीट विचार करावा. ३२ इंची एलईडी टीव्हीच ४०-५० वॅट खातो आणि तो डीसी यूपीएसवर चालत नाही. कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालेल, पण त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांचीच बॅटरी असते. टीव्ही आणि बॉक्स मिळून जेमतेम अर्धा तास. शिवाय गल्लीतल्या केबलच्या अॅम्प्लिफायरचीही लाईट गेली असेल, तर पडद्यावर चित्र येणारच नाही. माझ्या मते बॉक्स बंद राहू द्यावा आणि बॅटरी राउटरसाठी राखावी. फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही यूपीएसवर हवाच. त्याच्याशिवाय वायफाय दिसेल, इंटरनेट नसेल.

यूपीएसचे व्होल्ट अॅडॅप्टरइतकेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका. अँपिअर जास्त असले तर चालतात. लाईट जाताक्षणी राउटर रीस्टार्ट होत असेल, तर यूपीएस कमी पडतोय किंवा बॅटरी थकली आहे असं समजा.

नवा यूपीएस रात्रभर चार्ज करून सुट्टीच्या दिवशी त्याचा प्लग काढा आणि राउटर किती वेळ तग धरतो ते घड्याळ लावून बघा. हिशेबाच्या निम्मा वेळही भरला नाही, तर बिल दाखवून बदलून घ्या.