खवा घेताना आधी दुधाचा हिशोब

गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत खव्याची मागणी एकदम वाढते, पण गोठ्यातलं दूध काही त्या हिशोबाने वाढत नाही. भेसळीला वाव मिळतो तो इथेच. म्हणून खवा हातात घेण्याआधी भाव विचारावा आणि मनातल्या मनात आकडेमोड करावी. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण एक किलो खवा उतरतो. गाईचं असेल तर दूध थोडं जास्तच लागतं. दुधाचा दर ७० रुपये लिटर धरला तर किलोभर खव्यात ३५० रुपयांचं नुसतं दूधच जातं. जळण, मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा. मग कुणी तोच खवा २५० रुपये किलोने देत असेल, तर कमी पडलेलं दूध कशाने भरून काढलं, हा प्रश्न पडायलाच हवा.

बहुधा ते दोन प्रकारे भरून काढतात. पहिला प्रकार पिठाचा: मैदा, बटाटा किंवा आरारूट मिसळून वजन वाढवायचं. दुसरा प्रकार स्निग्धतेचा: दुधातली मलई काढून घ्यायची आणि तिच्या जागी वनस्पती तूप किंवा पामतेल घालायचं. नियमाप्रमाणे खव्यात पिष्ट चालत नाही आणि त्यातली स्निग्धता दुधाचीच असावी लागते.

पिठाची भेसळ घरी पकडता येते. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पिष्ट आहे. गार होण्याची वाट मात्र पाहावीच लागते, कारण गरम पाण्यात हा निळा रंग टिकत नाही आणि भेसळ असूनही नमुना चांगला वाटतो. तपासलेला खवा फेकून द्यावा.

तेलाची भेसळ इतकी सहज सापडत नाही. चिमूटभर खवा तळहातावर चोळला की चांगल्या खव्याला तूप सुटतं आणि तुपाचाच वास येतो. वास न येता नुसता मेणचट थर राहिला तर तो खवा घेऊ नये. पण चोळून कळतं तो अंदाज; खात्री प्रयोगशाळेतच होते. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे ग्राहकालाही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो.

शिळा खवा ओळखायला मात्र आपलं नाकच पुरेसं आहे. गोळा वरवर पाहू नका, मधोमध फोडून हुंगा. ताज्या खव्याला आटवलेल्या दुधाचा गोडसर वास येतो. आंबूस किंवा खवट वास, कडवट चव, फोडताना सुटणारी तार, हिरवट-काळे ठिपके, यांपैकी काहीही दिसलं तर खवा परत करावा. बुरशीचा भाग खरवडून उरलेला वापरू नये. पेढ्या-बर्फीच्या घट्ट खव्यापेक्षा गुलाबजामचा मऊ खवा लवकर बिघडतो, कारण त्यात पाणी जास्त असतं.

‘थोडा जुना असला तरी भाजून घेऊ’ हा विचार धोक्याचा आहे. कढईतून उतरताना खव्यात जंतू फारसे उरलेले नसतात. ते नंतर हात, फडकी, डबे यांतून येतात. त्यांतला स्टॅफिलोकोकस हा जंतू उष्णतेने मरतो, पण त्याने आधीच तयार केलेलं विष भाजून किंवा तळूनही जात नाही. असा खवा खाल्ला तर काही तासांतच उलट्या सुरू होतात. भाजण्याचा उपयोग ताज्या खव्यालाच: मंद आचेवर परतला की पाणी कमी होतं आणि तो जरा जास्त टिकतो.

समजा, मोदकांसाठी एक किलो खवा हवा आहे. बाजारातली बाकीची खरेदी उरकून खवा शेवटी घ्या आणि थेट घरी आणा. लगेच पाव-पाव किलोचे चार चपटे भाग करा, म्हणजे ते आतपर्यंत लवकर गार होतात. बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात भरा आणि वर तारीख लिहा. तीन दिवसांत लागणारा भाग फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा. बाकीचा फ्रीझरमध्ये, तिथे तो महिनाभर राहतो. वापरायच्या आदल्या रात्री एकच भाग खाली फ्रिजमध्ये काढा. तो थोडा भुरभुरीत झालेला असेल, पण किसून परतला की पुन्हा एकजीव होतो. सुटलेला खवा परत गोठवू नका. मोदक झाल्यावरही नैवेद्यापुरते बाहेर ठेवून उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत, कारण साखर घातली तरी त्यातला खवा नाशवंतच असतो.