चार्जरवरचं बारीक अक्षर वाचलंत का?

उद्या सकाळी व्हायवा, फोनची बॅटरी चार टक्के आणि आपला चार्जर राहिला घरी. रूममेट दिलदारपणे म्हणतो, ‘माझा घे ना, फास्ट आहे!’ पाऊण तासानं बघावं तर आकडा जेमतेम तीस. फोन बिघडला की काय? नाही. उत्तर चार्जरवरच छापलेलं असतं, फक्त ते वाचायला टॉर्च लागतो.

‘इनपुट’च्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं दिसेल. ते भिंतीतल्या सॉकेटचं, सोडून द्या. आपल्या कामाची ओळ ‘आउटपुट’ची. तिथल्या व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार केला की वॅट मिळतात. रूममेटच्या चार्जरवर एकच जोडी होती: ५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे १० वॅट. फोनची क्षमता मात्र २५ वॅटची. वरच्या ठळक ‘फास्ट’ला काही अर्थ नव्हता.

शेजारच्या खोलीतून दुसरा चार्जर आणला. त्यावर दोन जोड्या: ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि ९ व्होल्ट २.२२ अँपिअर. ही खरी खूण! हा चार्जर फोनशी ‘बोलून’ व्होल्टेज वाढवू शकतो. नऊ गुणिले २.२२ म्हणजे २० वॅट. पण काही फोन पूर्ण वेगासाठी ‘पीपीएस’ मागतात. ते असेल तर लेबलवर ‘३.३ ते ११ व्होल्ट’ अशी रेंज दिसते. ती नसेल, तर २५ वॅटचा असा फोन १५ वॅटच्या आसपास अडकतो. तरी दहापेक्षा बराच बरा.

आता केबल. या चार्जरला टाइप-सी, म्हणजे लंबगोल पोर्ट होता. रूममेटच्या केबलचं एक टोक जुनं, चौकोनी. ती लागलीच नाही, आणि चौकोनी टोकातून ‘पीडी’ नावाची ही बोलणी होतही नाहीत. दोन्ही टोकं सी असलेली केबल हवी. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअर जातात, म्हणजे आपल्या फोनला पुरे. ५ अँपिअरसाठी मात्र आत चिप असलेली केबल लागते, म्हणून केबलवर किंवा पाकिटावर ‘५ए’ किंवा १०० वॅट बघून घ्या.

एक फसवी केस अजून आहे. चौकोनी पोर्टच्या चार्जरवर ‘११ व्होल्ट, ७.३ अँपिअर’ दिसलं, म्हणजे तब्बल ८० वॅट, तर लगेच हुरळून जाऊ नका. ही त्या कंपनीची स्वतःची पद्धत असते. तो वेग तिचाच फोन आणि तिचीच केबल असेल तर मिळतो. बाकीच्या फोनना बहुतेक वेळा शेजारची ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ची जोडीच मिळते, म्हणजे परत १० वॅट.

तेव्हा चार्जिंग हळू वाटलं, तर दीड हजारांचा नवा चार्जर मागवण्याआधी आउटपुटची ओळ आणि केबलची दोन्ही टोकं बघा. कधी कधी दोष फक्त केबलचाच असतो.