तांदूळ, पाणी आणि माती : बालवर्गातील तीन खेळकोपरे

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, माती यांनाच साधने केले. घोडेगावातील बालवर्गातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हे सहज साधते.

तांदळाच्या कोपऱ्यासाठी मोठ्या परातीत तीन किलो कणी घ्यावी. सोबत वाट्या, नरसाळे व चाळणी ठेवावी. कणीत लाकडी चमचा पुरून मुलाला डोळे मिटून शोधावयास सांगावे. दाण्यांतून फिरणारी बोटे वस्तूचा आकार ओळखू लागतात. एका परातीभोवती चारांहून अधिक मुले नसावीत. अन्न खेळास वापरणे अनेक पालकांना रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून किडलेली कणी निवडून, उन्हात वाळवून वापरावी व शेवटी पाखरांना घालावी. दाणा नाकात गेला तर पिन वा काडीने तो काढू नये, पाणीही घालू नये. दाणा आत सरकतो, ओलाव्याने फुगतो. मुलाला तडक डॉक्टरांकडे न्यावे. वाटाणा व हरभरा अधिक फुगतात, म्हणून ते या कोपऱ्यात नकोतच.

पाण्याचा टब तांदळापासून दूर मांडावा. ओल्या फरशीवर सांडलेल्या दाण्यांवरून पाय घसरतो. टबात चार बोटे पाणी पुरे. मात्र एवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. शिक्षिकेने टबापाशीच बसावे, आणि उठावे लागलेच तर आधी टब उपडा करावा.

मातीला मात्र पूर्वतयारी लागते. आपल्याकडील काळी माती भिजली की फुगते व वाळताना आक्रसते. त्यामुळे मुलांनी हौसेने केलेला बैल दुसऱ्या दिवशी भेगाळतो. माती चाळून खडे व काचा काढाव्यात, रात्रभर भिजवावी आणि तीन वाट्या मातीस एक वाटी बारीक वाळू मिसळून मळावी. बोटाएवढी वळी वाकवून पाहावी. ती तुटली तर पाणी कमी; तळव्याला चिकटली तर जास्त. वस्तू सावलीत वाळवाव्यात. फवारणी झालेल्या कांद्याच्या शेतातील, उकिरड्याजवळची वा गुरे बांधतात तेथील माती घेऊ नये. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. म्हणून मुलांची नखे कापलेली असावीत आणि खेळ संपताच हात साबणाने धुवावेत. टबातल्या उरलेल्या पाण्याने नव्हे, वाहत्या पाण्याने. हातावर जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी तांदळाच्या परातीशी बसवावे.