पावणेचारशे किलोंचा सोलर

दुकानात उभ्या केलेल्या सोलर हीटरकडे पाहताना त्याचे वजन डोळ्यांत भरत नाही. पातळ काचेच्या नळ्या, वर एक गोल टाकी, खाली चार सडपातळ पाय. दोनशे लिटरचा, वीस नळ्यांचा असा संच दोन माणसे सुटा करून जिन्याने सहज वर नेतात. टाकी, नळ्या आणि सांगाडा मिळून त्याचे कोरडे वजन सुमारे १२० किलो भरते. पण गच्चीवर गेल्यावर टाकीत २०० लिटर पाणी येते, शिवाय ५८ मिलिमीटर जाडीच्या प्रत्येक लांब नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी राहते. वीस नळ्यांचे ते ५४ लिटर होते. म्हणजे भरलेला संच पावणेचारशे किलोंच्या घरात जातो आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्याच जागी उभा राहतो.

हे वजन चार पायांवर सारखे पडत नाही. टाकी मागच्या, म्हणजे उत्तरेकडच्या उंच पायांवर असते. नळ्या दक्षिणेकडे उतरत्या असतात. त्यामुळे मागच्या दोन पायांवर प्रत्येकी दीडशे किलोंहून अधिक भार येतो आणि पुढच्या पायांवर जेमतेम तीसेक किलो. जागा ठरवताना मागच्या दोन पायांखाली काय आहे, हे आधी पाहायला हवे.

पुण्यातली नेहमीची तीनमजली इमारत घेऊ. आर.सी.सी. स्लॅब, त्यावर ब्रिकबॅट कोबा, वर चायना मोझॅक. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो वापराचा भार धरतात. आपला संच साधारण चार चौरस मीटर जागा घेतो, म्हणजे सरासरी काढली तर चौरस मीटरला नव्वद-पंचाण्णव किलो होतात आणि हिशेब बसतो. पण स्लॅबला सरासरी कळत नाही. पाय जिथे टेकतात तिथला भार तिला पेलायचा असतो. म्हणून मागचे दोन पाय तुळईच्या रेषेवर किंवा खालच्या भिंतीच्या डोक्यावर यावेत, खोलीच्या मधोमध येऊ नयेत. तुळई शोधणे अवघड नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात छताखाली ती उतरलेली दिसते. बाहेरच्या भिंतीपासून तिचे अंतर टेपने मोजायचे आणि तेच माप गच्चीवर खडूने आखायचे. इमारत जुनी असेल, छताचा गिलावा सुटत असेल किंवा आतली सळई गंजून दिसत असेल, तर खडू हातात घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलेच पाहिजे.

याच ठिकाणी एक मोठे ओझे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. साध्या, बिनदाबाच्या संचाला गार पाणी वरून उतरत यावे लागते, म्हणून गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा उंच ठेवतात. त्यासाठी सहज सात फुटांचा ओटा लागतो. पाचशे लिटरच्या टाकीसाठी नऊ इंची चौकोनी विटांचे चार खांब सात फूट चढवले, तर नुसते खांबच आठशे किलोंच्या पुढे जातात आणि पाण्याचे पाचशे वेगळे. सोलरच्या वजनाची चौकशी करणारे घर हे तेराशे किलो कोणाला न विचारता बांधून मोकळे होते. त्यापेक्षा जिन्यावरच्या खोलीच्या छतावर इमारतीची टाकी आधीपासून असेल तर तिथूनच नळ घ्यावा. ते शक्य नसेल तर लोखंडी घोडी करावी आणि तिचे पायही तुळईवरच ठेवावेत.

भाराची दुसरी बाजू वाऱ्याची. आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचे तर अनुक्रमे सुमारे १४० आणि १५८. ताशी १४० च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोंच्या आसपास येतो. वीस नळ्यांचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरले आणि वारा मागून, नळ्यांच्या पोटात शिरला, तर वर उचलणारा जोर ढोबळमानाने दीडशे किलोंचा होतो. भरलेल्या संचाला तो हलवू शकत नाही, पण रिकाम्या संचाचे वजन १२० किलोच असते. मे महिन्यात संच बसवला, नळजोडणी आठ दिवसांनी होणार आणि मधल्या संध्याकाळी वळवाचे वादळ आले, तर सर्वात मोठा धोका तेव्हाच असतो. सुट्टीला जाताना टाकी रिकामी करून ठेवणारेही हाच धोका ओढवून घेतात. नळ्यांच्या मागे चकचकीत पत्र्याचा परावर्तक असेल तर वाऱ्याला फटींतून निसटायला वाट राहत नाही आणि जोर आणखी वाढतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन परिसरात घरांची छप्परेच्या छप्परे उडाली. तिथे बसवणाऱ्याने हा हिशेब पुण्यापेक्षा जास्त कडक धरावा.

मग संच जमिनीला धरून ठेवायचा कसा? सर्रास चालणारी रीत अशी की पायाच्या पट्टीतल्या भोकातून गच्चीत ड्रिल मारायचे, अडीच-तीन इंची फास्टनर ठोकायचा आणि वरून सिमेंट फासायचे. यात दोन्हीकडून नुकसान होते. ब्रिकबॅट कोबा तीन ते सहा इंच जाड असतो, त्यामुळे तीन इंची फास्टनर बहुतेक वेळा स्लॅबपर्यंत पोचतच नाही. तो विटांच्या तुकड्यांत अडकून बसतो आणि जोराचा हिसका बसला की ढेकळासकट उपटून येतो. वर गच्चीचे पाणी अडवणारा थर मात्र चार ठिकाणी फुटलेला असतो.

या भोकातून शिरलेले पाणी फसवे असते. ते कोब्याच्या पोटात आडवे पसरत जाते आणि स्लॅबला जिथे बारीक चीर किंवा विजेच्या पाइपची वाट मिळेल तिथे खाली उतरते. सोलर दक्षिणेच्या कोपऱ्यात आणि ओल हॉलमधल्या पंख्याच्या हुकाशी, असे दिसते ते यामुळे. मूळ शोधायला एक सोपी खूण आहे. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल आणि दिवाळीपर्यंत सुकत असेल, तर संशय भोकांवर किंवा कोब्यावर घ्यावा. मार्च-एप्रिलमध्येही डाग ओलाच राहत असेल, तर सोलरच्या नळजोडणीत किंवा काचेच्या नळीच्या रबरी वायसरपाशी गळती आहे, असे समजून शोध सुरू करावा.

सपाट गच्चीवर सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे भोकच न पाडणे. कोब्यावर काँक्रीटचे चार ठोकळे ओतायचे, चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर आणि उंची वीस. असा एक ठोकळा पंचाहत्तर किलोंच्या आसपास भरतो. ओततानाच त्यात उलटे वळवलेले बोल्ट रोवायचे आणि सांगाड्याचे पाय त्यावर नटाने आवळायचे. रिकाम्या संचाचे १२० आणि ठोकळ्यांचे ३०० मिळून चारशेवर किलो होतात. उचलणाऱ्या दीडशे किलोंना ते पुरून उरतात आणि वाऱ्याने संच पुढे कलंडू नये यासाठीही ते वजन लागते. पायाखालचा भारही पसरतो. दोन इंची चौकोनी पट्टीवर उभा राहिलेला दीडशे किलोंचा पाय मोझॅकचा तुकडा दाबून फोडतो. चाळीस सेंटिमीटरच्या ठोकळ्याखाली तेच वजन साठपट अधिक जागेवर वाटले जाते.

पण आता एकूण भार पावणेसातशे किलोंवर गेला आणि सरासरी चौरस मीटरला दीडशेच्या पुढे गेली. वाऱ्यासाठी घातलेले वजन स्लॅबच्या हिशेबात येतेच, म्हणून तुळईची रेषा सोडून हे ठोकळे ओतता येत नाहीत. ते पाण्याच्या उताराला आडवेही येऊ नयेत, नाहीतर मागे डबके साचते. टोकाच्या उंच इमारतीवर किंवा समुद्रकाठी एवढे वजन पुरत नाही आणि स्लॅबमध्ये पकड घ्यावीच लागते. तेव्हा तेवढ्या जागेचा कोबा कापून स्लॅब उघडी करावी, भोकातली धूळ ब्रशने आणि हवेच्या फुंकरीने पूर्ण काढून केमिकल अँकर बसवावा, त्याभोवती ठोकळा ओतावा आणि वॉटरप्रूफिंगचा थर ठोकळ्याच्या अंगावर निदान सहा इंच चढवून सांध्यात सिमेंटची गोलाई द्यावी. भोकात धूळ राहिली तर रसायन काँक्रीटऐवजी धुळीलाच चिकटते. वरून सगळे ठीक दिसते आणि पकड मात्र नसते.

उतरत्या छपरावर प्रश्न बदलतो. कोकणातल्या कौलारू घराला आढे, वासे आणि रिपा असतात आणि ते कौलांचे वजन पेलण्यापुरतेच घातलेले असतात. जुन्या वाशांवर भरलेली टाकी चढवू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. न्हाणीघरावर स्लॅब असेल तर संच तिथे ठेवावा, नसेल तर घराशेजारी जमिनीतून उचललेली वेगळी लोखंडी घोडी करावी. नव्या, भक्कम आणि इंजिनिअरने तपासलेल्या सांगाड्यावरच बसवायचे असेल, तर कौलाला भोक पाडू नये. एक कौल काढून वाशाला लोखंडी पट्टी बोल्टने आवळावी आणि दोन कौलांच्या जोडातून ती बाहेर काढावी. पट्टी खालच्या कौलाला टेकू देऊ नये. टेकली तर पहिल्याच भाराला कौल तडकते. पत्र्याच्या छपरावर बोल्ट नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर घ्यावा, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. तो खालच्या अँगलपर्यंत पोचला पाहिजे आणि त्याखाली रबरी वायसर हवा. नुसत्या पत्र्यात आवळलेला स्क्रू वाऱ्यात दर वेळी थोडा हलतो आणि भोक मोठे करत जातो.

सांगाडा कुठलाही असो, पाय बसल्यावर टाकी आडवी समपातळीत आहे का ते पाण्याच्या पातळीने पाहावे आणि मागच्या पायांत तिरकस पट्ट्या आहेत याची खात्री करावी. सांगाडा पिळला की ताण काचेवर येतो. एक नळी फुटली तरी टाकी गच्चीवर रिकामी होते. जस्त चढवलेल्या सांगाड्याला जागेवर वेल्डिंग करू देऊ नये. जिथे जस्त जळते तिथूनच गंज सुरू होतो आणि किनाऱ्यावर तो फार लवकर दिसतो. नळ्या पहिल्यांदा भरायच्या त्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी पडले की ती तडकते.

काम झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी गच्चीचे पावसाळी नळ बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी तीन दिवस साठवा आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. भरलेल्या संचाचे वजन, प्रत्येक पायावरचा भार आणि पायांच्या जागांचा साधा नकाशा बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. तो देता येत नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका.